इंग्रजीतला '-इंग': जेरंड की प्रेझेंट पार्टिसिपल, ओळखायचे कसे

इंग्रजी क्रियापदाला '-इंग' लागले की दोन वेगळ्या गोष्टी तयार होतात आणि दिसायला त्या हुबेहूब सारख्या असतात. 'स्विमिंग इज गुड एक्सरसाइज' मधला 'स्विमिंग' नामाचे काम करतो, तो जेरंड. 'लुक ॲट द बॉय स्विमिंग इन द रिव्हर' मधला 'स्विमिंग' मुलाविषयी माहिती देतो, म्हणजे विशेषणाचे काम करतो, तो प्रेझेंट पार्टिसिपल. शाळेतल्या मराठी व्याकरणात पहिल्याला धातुसाधित नाम आणि दुसऱ्याला धातुसाधित विशेषण म्हणतात. व्याख्या पाठ असतात, पण परीक्षेत अधोरेखित शब्द समोर आला की तारांबळ उडते, कारण व्याख्या सांगते की शब्द काय काम करतो. ते काम शोधायचे कसे, हे ती सांगत नाही. खालच्या पायऱ्या त्या शोधासाठी आहेत.

मराठी माणसाला इथे एक मोठी सोय आहे. इंग्रजीने ज्या दोन गोष्टींना एकच प्रत्यय दिला, त्यांना मराठीत वेगवेगळे प्रत्यय आहेत: 'पोहणे' वेगळे, 'पोहणारा' आणि 'पोहताना' वेगळे. जुन्या इंग्रजीतही असेच होते. विशेषणाचे रूप '-एंड'सारख्या शेवटाचे आणि नामाचे रूप '-उंग' किंवा '-इंग' शेवटाचे. पुढच्या शतकांत विशेषणाचा शेवट बदलत बदलत '-इंग'ला येऊन मिळाला आणि दोन्ही एकसारखी दिसू लागली. जर्मनमध्ये '-एंड' आणि '-उंग' हे दोन्ही प्रत्यय आजही वेगळे आहेत. म्हणून मराठीच्या आधाराने फरक शोधणे हा काही कच्च्या विद्यार्थ्याचा जुगाड नाही. मात्र तो आधार काही ठिकाणी हमखास फसवतो, आणि ती ठिकाणे आधीच माहीत असलेली बरी.

लागणारे साहित्य

पूर्ण वाक्य, पेन्सिल आणि '-इंग' शब्दाचे नाम, विशेषण की क्रियापद हे सांगणारा एखादा इंग्रजी शब्दकोश. एकटा शब्द घेऊन बसू नका. 'रनिंग' म्हणजे जेरंड की पार्टिसिपल, या प्रश्नाला वाक्याशिवाय उत्तरच नाही. इथली इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा, कारण एका पायरीत कानानेच निर्णय करायचा आहे.

## १. आधी जे दोन्ही नाहीत ते बाजूला काढा

शेवटी 'इंग' आला म्हणून शब्द क्रियापदापासून बनलेला असतोच असे नाही. 'थिंग', 'किंग', 'इव्हनिंग', 'सीलिंग' ही आज सरळ नामे आहेत. 'ड्युअरिंग' हे आज प्रिपोझिशन आहे. 'बिल्डिंग' म्हणजे इमारत असा अर्थ असेल आणि त्याचे 'बिल्डिंग्ज' असे अनेकवचन होत असेल, तर तेही पूर्ण नाम झाले.

'इंटरेस्टिंग', 'बोअरिंग' यांसारख्या शब्दांआधी 'व्हेरी' सहज बसते. 'अ व्हेरी इंटरेस्टिंग बुक' चालते, 'अ व्हेरी रनिंग बॉय' चालत नाही. 'व्हेरी' बसले की तो शब्द आता पक्के विशेषण झाला आहे. शालेय पुस्तके त्यालाही कधी कधी पार्टिसिपल म्हणतात, पण जेरंड तो कधीच नसतो.

## २. मराठीत सांगून प्रत्यय पाहा

उरलेल्या शब्दाचा मराठी अर्थ पूर्ण वाक्यात सांगा आणि शेवट पाहा. '-णे' आले, किंवा त्याचे सामान्यरूप '-ण्या' आले (करण्याचा, करण्यासाठी, करण्यात), तर जेरंड. '-त', '-ताना', '-णारा' आले तर पार्टिसिपल.

'रीडिंग ॲट नाइट हर्ट्स हिज आइज': रात्री वाचण्याने त्याचे डोळे दुखतात. '-ण्या' आला, जेरंड. 'आय सॉ हिम रीडिंग ॲट नाइट': मी त्याला रात्री वाचताना पाहिले. '-ताना' आला, पार्टिसिपल.

बऱ्याच वाक्यांचा निकाल इथेच लागतो. फसवणारी ठिकाणे तीन.

पहिले '-आयला'. 'आय एन्जॉय स्विमिंग' म्हणजे 'मला पोहायला आवडते'. इथे '-णे' दिसत नाही म्हणून गोंधळू नका. 'मला पोहणे आवडते' असे म्हणून पाहा. जमले, म्हणजे जेरंड.

दुसरे '-ऊन'. 'ही अर्न्स बाय सेलिंग मिल्क' म्हणजे 'तो दूध विकून पैसे मिळवतो'. मराठीतला 'विकून' नाम नाही, म्हणून पुष्कळजण इथे पार्टिसिपल लिहून मोकळे होतात. पण इंग्रजी वाक्यात 'सेलिंग' हा 'बाय' नंतर आला आहे आणि प्रिपोझिशननंतर नामाचीच जागा असते. उत्तर जेरंड. 'आफ्टर ईटिंग' (जेवल्यावर), 'विदाउट आस्किंग' (न विचारता), 'ऑन हिअरिंग द न्यूज' (बातमी ऐकताच) यांचेही तसेच. मराठी प्रत्यय आणि इंग्रजी जागा यांचे भांडण झाले तर जागेचे ऐका.

तिसरे '-लेला'. 'अ स्लीपिंग बेबी' आपण 'झोपलेले बाळ' असे सांगतो, 'झोपणारे बाळ' असे नाही. बसणे, झोपणे, उभे राहणे, अंगात घालणे अशा टिकून राहणाऱ्या स्थितींसाठी मराठी भूतकाळी विशेषण वापरते: कोपऱ्यात बसलेला माणूस, निळा शर्ट घातलेला मुलगा. इंग्रजी तिथे '-इंग' वापरते: 'द मॅन सिटिंग इन द कॉर्नर', 'द बॉय वेअरिंग अ ब्लू शर्ट'. हे पार्टिसिपलच. उलट दिशेने लिहितानाही हीच चूक होते आणि 'द बॉय वोअर अ ब्लू शर्ट इज माय कझिन' असे वाक्य जन्माला येते.

## ३. वाक्यातली जागा तपासा

जेरंड नामाच्या जागी बसतो, तेव्हा त्याच्या जागी साधे नाम किंवा 'इट' ठेवून पाहा. 'शी लाइक्स कुकिंग' च्या जागी 'शी लाइक्स इट' चालते. 'शी सॅट रीडिंग' च्या जागी 'शी सॅट इट' चालत नाही, कारण ती वाचत बसली होती आणि 'रीडिंग' तिची अवस्था सांगतो. पहिला जेरंड, दुसरा पार्टिसिपल.

प्रिपोझिशननंतर जेरंड, हा नियम या विषयातला सर्वांत भरवशाचा. फक्त 'टू' जपून हाताळावा लागतो, कारण इंग्रजीत 'टू' दोन आहेत. 'आय वाँट टू गो' मधला 'टू' क्रियापदाच्या मूळ रूपाचा आहे. 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू' मधला 'टू' प्रिपोझिशन आहे. ओळखायला 'टू' पुढे नाम ठेवून पाहा. 'लुकिंग फॉरवर्ड टू द ट्रिप' चालते, म्हणून तिथे '-इंग' येणार. 'आय वाँट टू द ट्रिप' चालत नाही, म्हणून तिथे येणार नाही. ऑफिसच्या ईमेलमध्ये रोज दिसणारे 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' याच परीक्षेत नापास होते.

'यूझ्ड टू' ची जोडी याच नियमाने सुटते. 'आय यूझ्ड टू गेट अप ॲट फाइव्ह' म्हणजे पूर्वी मी पाचला उठायचो. 'आय ॲम यूझ्ड टू गेटिंग अप ॲट फाइव्ह' म्हणजे मला पाचला उठण्याची सवय आहे. 'उठण्याची' मधला '-ण्या' पाहिलात ना?

'व्हाइल' मात्र प्रिपोझिशन नाही, उभयान्वयी आहे. त्यामुळे 'व्हाइल क्रॉसिंग द रोड' मध्ये पार्टिसिपल असतो. मराठीतही 'ओलांडताना' हेच येते, म्हणजे इथे भांडण नाही.

## ४. 'इज' नंतर आला तर वाक्य उलटे करा

'हर हॉबी इज पेंटिंग' आणि 'हर सिस्टर इज पेंटिंग'. शब्दांची रचना तीच, पण पहिल्यात छंद म्हणजे चित्रे काढणे, दुसऱ्यात बहीण चित्र काढते आहे. दोन्ही वाक्ये उलटी करा. 'पेंटिंग इज हर हॉबी' व्यवस्थित उभे राहते. 'पेंटिंग इज हर सिस्टर' म्हटले तर हसू येते. उलटे होणाऱ्या वाक्यात जेरंड, न होणाऱ्यात पार्टिसिपल. हा दुसरा प्रकार म्हणजे नेहमीचा कंटिन्युअस काळ.

कर्ता निर्जीव असेल तर जास्त सावध राहा. 'हिज जॉब इज सेलिंग शूज' मध्ये जेरंड आहे, नोकरी म्हणजे बूट विकणे. 'हिज जॉब इज किलिंग हिम' मध्ये नोकरी त्याचा जीव घेते आहे, म्हणजे पार्टिसिपल. कर्ता 'जॉब' आहे एवढे पाहून ठोकलेले उत्तर यातल्या एका वाक्यात चुकणारच.

## ५. नामाच्या आधी आला तर अर्थ उलगडा, मग कानाने ऐका

सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो, कारण नामाच्या आधी आलेला शब्द विशेषणच असणार असे आपण धरून चालतो. 'स्लीपिंग बेबी' आणि 'स्लीपिंग बॅग' शेजारी शेजारी ठेवा. बाळ झोपले आहे. पिशवी झोपलेली नाही, ती झोपण्यासाठी आहे. त्यामुळे पहिला पार्टिसिपल, दुसरा जेरंड. 'रनिंग वॉटर' म्हणजे वाहते पाणी आणि 'रनिंग शूज' म्हणजे धावण्याचे बूट. 'वर्किंग विमेन' म्हणजे नोकरी करणाऱ्या स्त्रिया आणि 'वर्किंग अवर्स' म्हणजे कामाचे तास. तास स्वतः काम करत नाहीत.

एकच प्रश्न विचारायचा: पुढचे नाम ती क्रिया स्वतः करते आहे, की ते त्या क्रियेसाठी आहे? करते आहे तर पार्टिसिपल, त्यासाठी आहे तर जेरंड. मराठीत पहिल्याला '-णारा', '-ता' किंवा '-लेला' येतो, दुसऱ्याला '-ण्याचा' येतो: पिण्याचे पाणी, झोपण्याची पिशवी, धावण्याचे बूट.

अडचण 'वॉशिंग मशीन'सारख्या शब्दांत येते. 'कपडे धुण्याचे यंत्र' म्हणता येते आणि 'कपडे धुणारे यंत्र' सुद्धा, शिवाय यंत्र खरोखरच धुते. इथे आघात ऐका. जेरंड आणि नाम मिळून झालेल्या जोडशब्दात जोर पहिल्या शब्दावर असतो: वॉशिंग मशीन, स्लीपिंग बॅग, वेटिंग रूम. पार्टिसिपल आणि नाम असेल तर सहसा नामावरचा जोर जास्त ऐकू येतो: स्लीपिंग बेबी, क्राइंग चाइल्ड, रनिंग वॉटर. 'वॉशिंग मशीन' मधला जोर 'वॉशिंग'वर आहे, म्हणून परंपरेने तो जेरंड.

केवळ जोर बदलून अर्थ बदलतो अशी जोडी म्हणजे 'डान्सिंग टीचर'. जोर 'डान्सिंग'वर दिला तर नृत्य शिकवणाऱ्या बाई. जोर 'टीचर'वर दिला तर नाचत असलेल्या बाई, मग त्या वर्गात गणित का शिकवत असेनात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे लेखी परीक्षेत असे उदाहरण आले तर आजूबाजूच्या वाक्यातला अर्थच निकाल देईल.

आपल्याकडे या जोडशब्दांत जोर बहुधा दोन्ही शब्दांवर सारखाच दिला जातो. स्वतःच्या उच्चारावरून ठरवू नका, शब्दकोशातला आघात पाहा किंवा त्यातला ध्वनी ऐका.

## ६. 'हिज' की 'हिम'

'-इंग'च्या आधी व्यक्ती आली तर मालकीदर्शक रूप बसते का ते पाहा. 'हिज कमिंग लेट ॲनॉइड एव्हरीवन' म्हणजे त्याच्या उशिरा येण्याने सगळे वैतागले. 'हिज' बसला, 'येण्याने' आला, जेरंड. 'आय सॉ हिम कमिंग' म्हणजे मी त्याला येताना पाहिले. इथे 'हिम'च्या जागी 'हिज' घालून या अर्थाचे वाक्य होत नाही. सी, हिअर, वॉच, कॅच, फाइंड यांच्यानंतरची व्यक्ती आणि '-इंग' म्हणजे बहुतेक वेळा पार्टिसिपल.

मधल्या पट्ट्यात 'आय डोन्ट माइंड हिज स्मोकिंग' आणि 'आय डोन्ट माइंड हिम स्मोकिंग' ही जोडी येते. इंग्रजी लेखनाचे नियम सांगणाऱ्या फाउलर बंधूंनी १९०६ मध्ये दुसऱ्या रचनेला 'फ्यूझ्ड पार्टिसिपल' असे नाव देऊन ती त्याज्य ठरवली. पुढे ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने जुन्या लेखकांची उदाहरणे काढून तिची बाजू घेतली. आज बोलण्यात 'हिम' सर्रास चालते. परीक्षेत आणि औपचारिक पत्रात 'हिज' लिहा, त्यावर कोणी बोट ठेवणार नाही.

## ७. लिहिताना होणाऱ्या दोन चुका

ओळखणे जमले की फरकाचा उपयोग लिहिताना होतो. जेरंड कर्ता असेल तर क्रियापद एकवचनी येते. 'रीडिंग ओल्ड लेटर्स आर फन' असे लिहिले जाते, कारण क्रियापदाच्या लगेच आधी 'लेटर्स' हे अनेकवचन असते. कर्ता पत्रे नाहीत, वाचणे आहे. म्हणून 'इज'.

दुसरी चूक पार्टिसिपलची आहे आणि ती थेट मराठीतून येते. 'रस्त्याने चालताना मला कुत्रा चावला' हे मराठी वाक्य निर्दोष आहे, 'चालताना' कोण हे 'मला' वरून कळते. त्याचे इंग्रजी 'वॉकिंग डाउन द रोड, अ डॉग बिट मी' केले तर चालणारा कुत्रा होतो. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीचा पार्टिसिपल पुढच्या कर्त्याला जाऊन चिकटतो, 'मी'पर्यंत तो पोहोचत नाही. दुरुस्ती दोन प्रकारे होते. एकतर कर्ता बदला: 'वॉकिंग डाउन द रोड, आय वॉज बिटन बाय अ डॉग.' नाहीतर पार्टिसिपल मोडा: 'व्हाइल आय वॉज वॉकिंग डाउन द रोड, अ डॉग बिट मी.' मराठीत विचार करून इंग्रजी लिहिताना '-ताना' वापरला, की पुढचा कर्ता तोच आहे ना हे दरवेळी तपासा.

## ८. एक वाक्य पूर्ण सोडवून

'फीलिंग टायर्ड ऑफ स्टँडिंग इन द बुकिंग ऑफिस ऑल इव्हनिंग, द कॉफिंग ओल्ड मॅन स्टार्टेड लुकिंग फॉर अ बेंच.'

'इंग'चे सहा शब्द आहेत. 'इव्हनिंग' पहिल्याच पायरीत गळला.

'फीलिंग' वाक्याच्या सुरुवातीला आहे आणि पुढचा कर्ता 'ओल्ड मॅन' आहे. कंटाळा आला तो त्यालाच, म्हणजे जोडणी बरोबर आहे. 'फीलिंग'च्या जागी 'इट' ठेवून वाक्य उभे राहत नाही. पार्टिसिपल. मराठीत इथे 'कंटाळून' येते. दुसऱ्या पायरीत '-ऊन' फसवा होता तो 'बाय' मुळे. इथे आधी प्रिपोझिशन नाही, म्हणून '-ऊन' खरे बोलतो.

'स्टँडिंग' हा 'ऑफ' नंतर आहे. उभे राहण्याचा कंटाळा. जेरंड, शंकाच नाही.

'बुकिंग' नामाच्या आधी आहे. ऑफिस स्वतः बुकिंग करत नाही, ते त्या कामासाठी आहे आणि जोरही बुकिंगवर आहे. जेरंड. शब्दकोशात 'बुकिंग' हे स्वतंत्र नामही सापडेल. जेरंड रुळला की असा पूर्ण नाम होतो, पण पर्याय जेरंड किंवा पार्टिसिपल एवढेच असतील तर जेरंडच निवडा.

'कॉफिंग' सुद्धा नामाच्या आधी आहे, पण म्हातारा स्वतः खोकतो आहे. खोकणारा, पार्टिसिपल.

'लुकिंग' हा 'स्टार्टेड' नंतर आहे. 'शोधायला सुरुवात केली' मधल्या '-आयला'ने दचकू नका. 'ही स्टार्टेड इट' चालते आणि 'शोधणे सुरू केले' असेही म्हणता येते. जेरंड.

## ९. जिथे निकाल लागत नाही

काही रचनांवर व्याकरणाची पुस्तकेच एकमेकांशी भांडतात. 'गो शॉपिंग' मधला 'शॉपिंग' आजच्या अर्थाने पार्टिसिपलसारखा वाटतो, पण जुने रूप 'गो अ-हंटिंग' असे होते आणि तो 'अ' म्हणजे झिजलेले 'ऑन', म्हणून इतिहासाने ते नाम ठरते. 'ही इज बिझी रायटिंग' आणि 'शी स्पेंट ॲन अवर रीडिंग' यांत पूर्वी मध्ये 'इन' लिहीत. तो धरला तर जेरंड, नाही धरला तर पार्टिसिपल.

अशा वादांमुळेच केंब्रिजचे २००२ चे हडलस्टन आणि पुलम यांचे मोठे व्याकरण दोन वेगळी रूपे मानतच नाही. ते दोन्हींना मिळून 'जेरंड-पार्टिसिपल' हे एकच नाव देते, आणि इंग्रजीच्या आजच्या रूपाकडे पाहिले तर त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. पण आपल्याकडच्या प्रश्नपत्रिकेत हा पर्याय सहसा छापलेला नसतो. तिथे जुनीच विभागणी धरा. वरच्या तीन रचनांपैकी एखादी आली तर ज्या पुस्तकावर परीक्षा आधारलेली आहे त्याचे वर्गीकरण पाहून ठेवा. लिहिताना मात्र या वादाने काही अडत नाही, कारण नाव कोणतेही दिले तरी 'शी स्पेंट ॲन अवर रीडिंग' हे वाक्य तसेच राहते.